मदत हवी आहे: ऑक्टल ते हेक्स उत्तर हाताने पटकन कसं तपासायचं?

फर्स्ट इयरला डिजिटल लॉजिक आहे, परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. ऑक्टल 735.26 चं हेक्स करायला प्रत्येक अंकाचे तीन बिट लिहिले, 111 011 101.010 110, मग पॉइंटपासून दोन्ही बाजूंना चार-चारचे गट केले, उजवीकडे शेवटी 10 उरतं त्याला मागे दोन शून्य लावून 1000, म्हणजे 1DD.58 आलं. डेसिमलला दोन्ही 477.34375 येतात, म्हणजे उत्तर बरोबरच आहे, पण अपूर्णांकाच्या हिशोबात फार वेळ जातो. हेक्सच्या पॉइंटआधीच्या अंकांची बेरीज करून 15 ने भागलं की बाकी 12 येते, ऑक्टलला मात्र 7 ने भागावं लागतं आणि बाकी 1 येते, मग तुलना कशी करणार? डेसिमलला न जाता दोन्हीकडे चालेल असा एकच भाजक आहे का, आणि पॉइंटनंतरच्या अंकांना तो कसा लावायचा?