मदत हवी: एकच टॉवेल डिझाइन दोन पार्ट्यांना, तर फाइल कुठे ठेवायची?

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, पाच जणांत एक शेअर्ड ड्राइव्ह. फाइलचं नाव असं ठरलंय:

```
D0412_border_v03.tif
```

डिझाइन नंबर, भाग, आवृत्ती. आकड्याआधी शून्य मुद्दाम आहे. काही सॉफ्टवेअरच्या यादीत `v10` हे `v2` च्या आधी येतं. नावात `final` लिहायला बंदी. पार्टीने पास केलेली फाइल `2_APPROVED` मध्ये जाते. तिथे लिहायचा अधिकार एकालाच, बाकीच्यांना फक्त वाचता येतं, त्यामुळे मागावर चुकीची आवृत्ती चढत नाही. एवढं नीट चालतं.

अडचण पुढे आहे. फोल्डर पार्टीवार आहेत. `D0412` दुसऱ्या पार्टीने घेतलं की फाइलची कॉपी होते. मग एकीकडे बॉर्डर सुधारून `v04` होते, दुसरीकडे `v03` च राहते, आणि दोन्ही फोल्डर म्हणतात मंजूर! फोल्डर डिझाइन नंबरवार करून कोणत्या पार्टीला कोणती आवृत्ती पास आहे ते ऑर्डरच्या एक्सेल शीटमध्ये लिहावं, असं वाटतं. शॉर्टकट नकोत, मूळ फोल्डर हलवला की ते तुटू शकतात.

पण शीट भरायची राहिली तर? पार्टीचा कोड फाइलच्या नावातच घालणारं कुणी आहे का? रंग बदलला की नवा नंबर देता, की नवी आवृत्ती?