क्रिकेटवेड्या मुलीशी मेसेजवर फ्लर्ट कसं करायचं? आमचा नुसता स्कोअरच चाललाय

लेगबाय:
मंडळी सल्ला हवाय, हसू नका. दीड महिन्यापूर्वी मित्राकडे मॅच बघताना एक मुलगी भेटली, क्रिकेटची माझ्याहून जास्त वेडी, म्हणजे टेस्टचा पाचवा दिवस रजा टाकून बघणारी. तेव्हापासून रोज मेसेज चालू आहेत पण सगळे 'काय बॉल होता', 'ड्रॉ होणार बहुतेक' असलेच, कॉमेंट्री बॉक्समधले दोन म्हातारे बोलतायत असं वाटतं. परवा धीर करून पाठवलं, 'तू तर पहिल्याच बॉलला माझी विकेट काढलीस'. त्यावर एक स्मायली आला आणि लगेच 'लंचला किती झाले?' आता याचं काय समजायचं? क्रिकेट धरूनच जरा खट्याळ बोलायचं तर काय पाठवू?

बंडूनाना:
सोप्पंय. 'आयुष्यभराची ओपनिंग पार्टनर होशील का', 'तुझं हसणं म्हणजे फ्री हिट', असले चार-पाच तयार ठेव आणि एका ओळीत मार, निबंध पाठवू नकोस. आणि रिप्लाय लगेच द्यायचा नाही, दोन तास टांगून ठेवायचं, आपोआप भाव वाढतो.

पॅव्हेलियन_एंड:
लंचला किती झाले ते तिला विचारावं लागतंय म्हणजे तिच्याकडे स्कोअरचं ॲप नाही. तिला नोटिफिकेशन चालू करून दे, खूश होईल.

लेगबाय:
@पॅव्हेलियन_एंड दादा प्रश्न तो नाहीये :(

स्वरा_स्क्वेअरलेग:
नानांचं एका ओळीचं पटलं, बाकी नाही. मी स्वतः टेस्टवाली आहे आणि असले विकेटवाले मेसेज मला इतके आलेत की वही भरेल. त्यातला क्रिकेटचा भाग खोटा असतो हा प्रॉब्लेम आहे. 'माझी विकेट काढलीस' हे ज्याला लेगस्लिप कुठे उभी राहते तेही माहीत नाही तोसुद्धा कुणालाही पाठवू शकतो, मग ते तिच्यासाठी कसं झालं? तिने स्मायली टाकून स्कोअर विचारला म्हणजे ऑफस्टंपबाहेरचा बॉल सोडला. राग नाही, पण खेळलीही नाही.

तिने क्रिकेटबद्दल स्वतःचं असं, जरा भांडून सांगितलेलं एखादं मत आठवतंय का? स्कोअर नाही, मत.

लेगबाय:
आहे ना. रिव्ह्यूवरून ती फार चिडते. म्हणते बोलर नेहमी खात्रीनेच सांगणार, कॅप्टनने त्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही, पंधरा सेकंद मिळतात ती कीपरला विचारण्यात घालवायची. यावर पाऊण तास बोलली होती.

स्वरा_स्क्वेअरलेग:
अरे मग सोनं आहे तुझ्याकडे आणि तू विकेट काय काढतोयस! हे मत उचल आणि तुझ्या दिवसात कुठेतरी वापर, मॅच चालू नसताना. उदाहरणार्थ:

'आज मीटिंगमध्ये तावातावाने बोलायला उठणार होतो, तेवढ्यात तुझं वाक्य आठवलं, बोलरच्या तोंडाकडे बघू नकोस. पंधरा सेकंद गप्प बसलो आणि वाचलो. सल्ल्याचं मानधन काय घेणार?'

फक्त हे खरंच घडलेलं असू दे, नसेल तर दोन दिवस थांब पण रचू नकोस, पुढे कधीतरी 'कुठली मीटिंग' विचारलं की भांडं फुटतं. यात तू तिची स्तुती केलेली नाहीस, तरी ती समोर नसताना तुझ्या डोक्यात होती हे तिला कळतं, आणि खट्याळपणा आहे तो एवढाच. शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. तिला खेळायचं असेल तर ती मानधन मागेल, नसेल तर 'हाहा छान' म्हणून मोकळी होईल, कुणाचीच पंचाईत नाही.

मग उत्तर नीट वाच. ती फक्त क्रिकेटच्या भागाला उत्तर देते आणि खोडकर भाग तसाच सोडून देते, असं एकदा झालं तर झालं, कामात असेल. लागोपाठ दोनदा झालं की तिला क्रिकेटचा मित्रच हवाय, मग तो नीट हो. पण तिने खोडी परत केली, तुझंच वाक्य उलटवलं, तर एक पायरी पुढे जा. एकच हां, त्याच रात्री तीन नकोत.

बंडूनाना:
म्हणजे ते अंपायर्स कॉल आलं की रिव्ह्यू गेला, तसं का?

थर्डमॅन_७:
नाना, अंपायर्स कॉलला रिव्ह्यू जात नाही, शिल्लक राहतो. निर्णय तेवढा मैदानावरच्या अंपायरचा कायम राहतो. २०१७ पासून असंच आहे.

स्वरा_स्क्वेअरलेग:
थर्डमॅन, मस्त, हे इथे फिट बसतं. नुसता स्मायली आला तर तुझी संधी गेलेली नाही पण म्हणून तो होकारही धरू नकोस.

आणि नाना, दोन तास टांगायचं नको हो. उलट उशिराचीच थट्टा करता येते. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये अँजेलो मॅथ्यूज टाइम्ड आऊट झाला होता, हेल्मेटचा पट्टा तुटला आणि दोन मिनिटं उलटली, ते या बाईंना नक्की पाठ असणार. तिचा रिप्लाय दुपारी आला तर 'हेल्मेटचा पट्टा तुटला होता का? अपील केलेलं नाही, या खेळायला' एवढंच. पण ती खरोखर अडचणीत असेल, आजारपण वगैरे, तर हे अजिबात नाही. आणि महिन्यातून एकदाच, नाहीतर तक्रार वाटते.

डोंगरवेडी:
मी ट्रेकिंगवाली पण अगदी हेच झालं माझ्याबाबतीत. उतरताना गुडघे जरा वाकवून लहान पावलं टाका असं मी ग्रुपमध्ये सगळ्यांना ओरडून सांगायचे. एकाचा आठवड्याने मेसेज आला, 'आज ऑफिसचे सहा मजले तुमच्या पद्धतीने उतरलो, लोक बघत होते, बदनामीची भरपाई मिळेल का'. मी फोन हातात धरून हसत बसले होते. नंतर कळलं हाच मेसेज ग्रुपमधल्या अजून एकीलाही गेला होता :| तेव्हा स्वराताईंची युक्ती खरी पण माणूस खरा आहे का ते मेसेजवरून कळत नाही, हेही लिहून ठेवा.

बंडूनाना:
भरपाई मात्र आवडली मला.

लेगबाय:
अपडेट. मीटिंगचं खरंच घडलं हो, गुरुवारी. जवळजवळ तसाच मेसेज पाठवला. चार मिनिटांत उत्तर: 'मानधन रोख चालत नाही. पुढच्या टेस्टचा पाचवा दिवस, रजा टाकायची, आणि रिमोट माझ्याकडे.' मी दहा वेळा वाचलं. हे हो आहे ना?

बंडूनाना:
हो म्हणजे काय, अंगठी बघायला घे.

स्वरा_स्क्वेअरलेग:
नाना थांबा. लेगबाय, मॅच बघायला हो आहे. बाकीचं तिथे बसल्यावर कळेल. आता 'रिमोट दिला, पण रिव्ह्यू माझ्याकडे' असं काहीतरी पाठव आणि आज रात्री गप्प बस.

थर्डमॅन_७:
हल्ली कितीतरी टेस्ट पाचव्या दिवसापर्यंत पोचतच नाहीत. तीन दिवसांत संपली तर?

लेगबाय:
अरे देवा. चौथ्या दिवसाची पण रजा टाकू का?