हापूसची विक्री : भांडवल आणि नासाडी

‘पुण्यात हंगामापुरता हापूस विकायचा आहे. डझनामागे दोनशे रुपये सुटत असतील, तर धंदा बरा ना?’

हा फरक नासाडी वजा केल्यावर किती उरतो, ते आधी पाहावे. समजा, 100 डझन कच्चा माल 600 रुपयांनी घेतला आणि वाहतूक-खोक्यांसाठी डझनामागे 50 रुपये लागले, तर 65,000 रुपये गुंततात. दहा डझन फळ वाया गेले, तर उरलेल्या 90 डझनांचे 800 रुपयांनी 72,000 येतात आणि हाती सात हजार राहतात. वीस डझन गेले, तर हजाराचा तोटा होतो.

नासाडी केवळ सडण्याने होत नाही. साका म्हणजे आतला गर बिघडण्याचा दोष बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, आणि ग्राहकाला ते बदलून द्यावेच लागते. शिवाय एका तोडणीचा माल अढीत जवळजवळ एकदमच पिकतो, म्हणून मागणी असो वा नसो, तो चार दिवसांत खपवावा लागतो. मे महिन्यात आवक वाढून भाव उतरतात, तेव्हा ही घाई अधिक महाग पडते.

बागायतदाराला आगाऊ रक्कम द्यावी लागत असल्यास ग्राहकांकडूनही नोंदणीच्या वेळी निम्मे पैसे घ्यावेत आणि माल आठवड्याच्या अंतराने, लहान खेपांत मागवावा. जूननंतर या धंद्यातून काहीच येत नसल्याने वर्षभराच्या भाड्याची जागा मात्र घेऊ नये.