रुंद टाच घेतली की चवड्यावरचा भार खरंच कमी होतो का?

शलाका
माझं काम दिवसभर उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं, मधे मधे बरंच चालणंही होतं. 9 सेंमीची पेन्सिल हील घालते. दुपारनंतर चवडा नुसता पेटतो आणि गुळगुळीत फरशीवर पाय लटपटतो. टाच अगदी सोडायची नाहीये. एक मैत्रीण ब्लॉक हील म्हणते, दुसरी वेज, बहीण प्लॅटफॉर्म. कशाचा कशासाठी उपयोग होतो, की नुसता दिसण्यातला फरक आहे?

रेवती
ब्लॉक हील घे, डोळे झाकून. वजन जेवढ्या जास्त जागेवर पसरेल तेवढा दाब कमी, शाळेत शिकलोय आपण. पेन्सिल हीलची टिप जेमतेम एक सेंमी रुंद असते, ब्लॉकची चार-पाच सेंमी. मी पेन्सिल हील सोडल्यापासून लटपटणं बंद झालं आणि पायही कमी दुखतात. यात फार खोलात जायची गरज नाही.

फर्मेवाला
रेवतीताई, लटपटण्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. चवड्याचं मात्र पटत नाही, आणि शलाकाताईंची मुख्य तक्रार तीच आहे.

मी फर्मे, म्हणजे ज्यांच्यावर बूट घडवतात ते पावलाच्या आकाराचे साचे, आणि पॅटर्नचं काम करतो. एकाच फर्म्यावर आम्ही दोन जोड बनवतो, एकाला पेन्सिल हील, दुसऱ्याला ब्लॉक, उंची तीच. बुटाच्या आत पाय ज्या जागेवर टेकतो ती दोन्हींत तंतोतंत सारखी असते. रुंद टाचेमुळे भार पसरतो तो जमिनीवर. पाय जमिनीला लागतच नाही, तो आतल्या सोलवर असतो आणि तिथला उतार तसाच राहतो. सपाट पायांनी उभं राहिलं की शरीराचा बराचसा भार टाचेवर असतो. टाच वर जाईल तसा तो पुढे सरकतो, त्यातही अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या बुडाशी जास्त. टाच पेन्सिलची की ब्लॉकची, याने त्यात फार फरक पडत नाही.

म्हणून बघायचा तो उंचीतला फरक. बूट टेबलावर ठेवा. बाजूने टाचेच्या मध्यावर, सोल आणि वरचं चामडं जिथे मिळतात तिथपर्यंतची उंची पट्टीने मोजा. मग चवड्याच्या सर्वांत रुंद भागापाशी तसंच मोजा आणि वजाबाकी करा. शलाकाताईंच्या जोडात मागे 9 असेल आणि पुढे पातळ सोल अर्ध्या सेंमीचा, तर फरक साडेआठ. तेवढ्याच उंचीची ब्लॉक हील घेतलीत तरी साडेआठच. पण मागे साडेदहा आणि पुढे चार सेंमीचा प्लॅटफॉर्म असेल, तर फरक साडेसहा. उंची दीड सेंमीने वाढली आणि उतार दोन सेंमीने कमी झाला. चवड्याला जाणवतो तो उतार.

आणखी एक. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर ज्यांचं कमी, म्हणजे पाऊल लहान, त्यांना तेवढाच फरक जास्त तिरका पडतो. मैत्रिणीला सोसलेली उंची आपल्याला सोसेलच असं नाही.

नंदिनी
प्लॅटफॉर्मची एवढी भलामण करू नका. मी प्लॅटफॉर्म असलेल्या वेजमध्ये पायरीच्या कडेवरून घसरले आणि घोटा असा मुरगळला की काही आठवडे पट्टी बांधून फिरावं लागलं. जमीन पायाला कळतच नाही त्यात. खाली खडा आहे की फट, काही समजत नाही. पेन्सिल हीलमध्ये निदान चवडा जमिनीजवळ असतो आणि आपण सावध चालतो. वेजमध्ये माणूस बिनधास्त चालतो आणि तिथेच घात होतो.

वसंतकाका
एवढी चर्चा कशाला? सपाट चप्पल घाला, प्रश्न मिटला. मला टाच दुखायची तेव्हा डॉक्टरांनी उलट थोडी उंच टाच घालायला सांगितली होती, तीन सेंमीची वगैरे. आराम पडला. तेव्हा उंच टाच वाईटच असते असंही नाही.

रेवती
काका, शलाकाला टाच सोडायचीच नाहीये, आणि तिची टाच नाही, चवडा दुखतोय.

स्नेहल (फिजिओ)
काकांचं टाचेचं दुखणं वेगळं, पण चुकीचं नाही. टाच किंचित वर गेली की पोटरीचा ताण कमी होतो, म्हणून काहींना बरं वाटतं. इथे उलटा प्रकार आहे.

नंदिनीच्या मुरगळण्याबद्दल लिहिते, कारण ब्लॉक हीलवाल्यांनाही हे सहसा कुणी सांगत नाही. घोट्यात नडगीच्या खाली बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल सपाट असतं तेव्हा रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. टाच उचलली की खाचेत अरुंद भाग येतो आणि सांधा सैल होतो. हे रुंद टाचेत होतं, वेजमध्येही होतं, कारण सगळीकडे पाऊल खाली झुकलेलंच असतं. रुंद टाच एवढंच करते की बूट स्वतः सहज कलंडत नाही. एकदा का कडेवरून कलंडला, की घोटा सावरायला तितकाच कमी पडतो. आणि जमिनीपासून उंची जितकी जास्त, तितका पाय वळायला वाव जास्त. म्हणून फर्मेवाल्यांचा चार सेंमीचा प्लॅटफॉर्म मला नको वाटतो. चवड्याचं भलं करताना घोट्याचा धोका वाढतो.

गुडघ्यांबद्दलही थोडं. 2001 साली ‘लॅन्सेट’मध्ये केरिगन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. रुंद टाचेच्या बुटांनीही गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा ताण अनवाणी चालण्यापेक्षा वाढतो, आणि तो अरुंद टाचेइतकाच वाढतो, असं त्यात दिसलं. ‘ब्लॉक आहे, मग दिवसभर चालेल’ हे म्हणूनच मला खटकतं.

मुग्धा
मी स्टिलेटोची बाजू घेणार आहे, कारण इथे कुणी घेत नाहीये. रंगमंचावर मी तासन् तास उंच टाचांवर असते. साडेसहा सेंमीची नीट बनवलेली पेन्सिल हील मला वाईट बनवलेल्या ब्लॉक हीलपेक्षा कधीही सोसते. टाच बरोबर पावलाच्या टाचेखाली आहे का, मधली पोलादी पट्टी कडक आहे का, पुढे बोटांना जागा आहे का, एवढं बघायचं. टाच फार मागे बसवली असेल तर प्रत्येक पावलाला धक्का लागतो, मग ती कितीही रुंद असो. आणि निमुळत्या टोकाच्या बुटात बोटं कोंबली की ब्लॉक हील काय करणार?

फर्मेवाला
मुग्धाताई, बोटांच्या जागेचा मुद्दा सोन्यासारखा आहे. उतारावर पाय पुढे घसरतो आणि बोटं टोकाला टेकून थांबतात. दुखण्यातला बराच भाग दाबाचा नसतो, या घसरण्याचा असतो. तपासायला सोपं आहे: बूट घालून दहा मिनिटं चाला आणि टाचेमागे करंगळी घालून बघा. सुरुवातीला जात नव्हती आणि आता सहज जात असेल, तर पाय पुढे गेलाय. घोट्याभोवतीचा पट्टा हे फारसं थांबवत नाही. पावलाच्या वरच्या उंचवट्यावरून जाणारा पट्टा थांबवतो.

वेजबद्दल एक गैरसमज दूर करतो. खालचा सोल अख्खा जमिनीला लागतो म्हणून तळव्याला आधार मिळतो, असं लोक धरून चालतात. आतला सोल कमानीपाशी भरलेला असेल तरच मिळतो. बोटाने दाबून पाहा, तिथे पोकळ आणि सपाट असेल तर वेज तुमच्यासाठी फक्त स्थिर टाच आहे. ती टाच गवतात रुतत नाही, जाळीत अडकत नाही, हा फायदा मात्र खरा.

स्नेहलताई, प्लॅटफॉर्मचा धोका मान्य. म्हणूनच चार ऐवजी दोन सेंमी म्हणूया. पण उतार कमी केल्याशिवाय चवडा शांत होणार नाही, हे मी सोडणार नाही.

नंदिनी
दोन सेंमीचं मला चालेल. पण तो कडक नको, पावलाबरोबर वाकणारा हवा. कडक प्लॅटफॉर्मवर पाय उचलून आपटत चालावं लागतं.

आरती
नंदिनी, माझं अगदी उलट. माझ्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा आखडलाय, तो वाकवला की जीव जातो. मऊ सोलच्या चपला मला नकोशा होतात. कडक प्लॅटफॉर्म, पुढे किंचित वर वळलेला, असला की पाऊल त्यावरून लोळतं आणि अंगठा वाकवावा लागत नाही. वाकणारा बूट सगळ्यांना चांगला, असं सरसकट म्हणू नका.

शलाका
सगळ्यांचे आभार. पट्टी घेऊन बसले होते. पेन्सिल हीलचा फरक 8.5 निघाला. कपाटात एक जुनी ब्लॉक हील होती, तिचा 6, आणि करंगळी टाचेमागे जात नाही. आठवडाभर ती घालते. पण एक विचारायचं राहिलं. माझी जळजळ सगळ्या चवड्यात नाही, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधेच जास्त आहे, कधी कधी तिथे मुंग्याही येतात. आणि दुसऱ्या बोटाखाली जाड घट्टा पडलाय. यातलं कुठलं उंचीमुळे?

स्नेहल (फिजिओ)
घट्टा बहुतेक उतारामुळे. भार जिथे सतत पडतो आणि घासतो तिथेच कातडी जाड होते. फरक कमी झाला की तो हळूहळू मऊ पडायला हवा, त्यावरून बदल लागू पडतोय का ते कळेल.

मुंग्या मात्र वेगळ्या. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधून जाणारी नस हाडांमध्ये दाबली जात असावी असा संशय येतो. त्याला उतारासोबत पुढच्या भागाची रुंदीही कारणीभूत असते. जुन्या ब्लॉक हीलचं टोक निमुळतं असेल तर फरक 6 असूनही मुंग्या येतील. बूट काढून तळवा चोळल्यावर पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं का ते पाहा. तसं होत असेल तर आधी टोक बदला, उंची नंतर. आणि अनवाणी असतानाही मुंग्या राहू लागल्या, तर बुटांचा विचार बाजूला ठेवून पाय दाखवून घ्या.

मुग्धा
टोकाचं नाव निघालंच आहे तर सांगते. कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढ आणि बूट त्यावर ठेव. बुटाबाहेर जितकी बोटं उरतील तितकी आत कोंबली जाणार. संध्याकाळी काढ, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

रेवती
माझ्या ब्लॉक हीलचाही फरक मोजला. 5 निघाला, जुन्या पेन्सिल हीलचा 8 होता. तरी माझा आग्रह कायम आहे. ज्याचा पाय लटपटतो त्याने आधी रुंद टाच घ्यावी. पडून घोटा मोडला तर चवड्याचं दुखणं कुणाला आठवणार?

फर्मेवाला
रुंद टाच घ्याच, माझी हरकत नाही. फक्त दुकानात दोन जोड समोर आले तर टाचेची रुंदी बघण्याआधी पुढची आणि मागची उंची वजा करा. आणि आतून-बाहेरून चिमटीत धरून पाहा, पुष्कळदा प्लॅटफॉर्म चामड्याच्या आत झाकलेला असतो आणि बाहेरून दिसत नाही.