शब्दचर्चा: 'नक्कल' हा शब्द दोन्हींना चालतो का?

यावलची शिक्षिका:
आमच्या शाळेच्या आवारात कढीपत्त्याचं झाड आहे. त्यावरच्या अळ्या पाहून मुलांनी भिंतीवर लावायला एक तक्ता केला. त्यात मी 'बेट्सची नक्कल' आणि 'म्युलरची नक्कल' असे दोन मथळे दिले. पहिल्यात बिनविषारी फुलपाखरू विषारी फुलपाखरासारखं दिसतं, दुसऱ्यात दोन विषारी फुलपाखरं एकमेकांसारखी दिसतात. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, नक्कल म्हटली की कोणीतरी अस्सल असतं. मग म्युलरच्या जोडीत अस्सल कोण?" मला उत्तर देता आलं नाही. 'नक्कल', 'अनुकृती', 'छद्मावरण' हे शब्द नेमके कुठे वापरायचे? दुसऱ्या प्रकाराला नक्कल म्हणणंच चुकीचं आहे का?

धुळ्याचा बीएस्सीचा विद्यार्थी:
ताई, सोपं आहे. फुलपाखरू विषारी असेल तर म्युलर, बिनविषारी असेल तर बेट्स. आणि छद्मावरण म्हणजेच नक्कल, पानासारखं दिसणं हीसुद्धा पानाची नक्कलच.

नंदुरबारचा निरीक्षक:
भाऊ, पहिलं वाक्य अर्धंच बरोबर आहे. एकटं फुलपाखरू बेट्सचं किंवा म्युलरचं नसतं, नातं दोघांमधलं असतं. आणि छद्मावरण वेगळंच ठेवा. छद्मावरणाचं काम 'मी इथे नाही' असं भासवणं. सालीवर पंख पसरून बसलेला राखाडी पतंग तेच करतो, तो दिसला की संपला. नक्कल करणाऱ्याला मात्र दिसायचंच असतं.

ताईंच्या कढीपत्त्यावरच हे सगळं बघता येतं. कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी कोवळ्या पानावर एकेक पिवळसर गोल अंडं घालते. लहान अळी काळपट-तपकिरी असते, मधे पांढरा पट्टा. पानावर पडलेली पाखराची विष्ठा वाटावी अशी. ती उघड्यावर बसते, लपत नाही, पण पक्ष्याला ती खायची वस्तूच वाटत नाही. शेवटची कात टाकल्यावर तीच अळी हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. हे छद्मावरण. पुढे फुलपाखरू झालं की काही माद्या कॉमन रोज या विषारी फुलपाखरासारख्या दिसतात. ते बेट्सचं.

पाचोऱ्याचे लिंबू बागायतदार:
माझ्या दोन वर्षांच्या लिंबांची कोवळी पालवी याच अळीने साफ केली. विष्ठेसारखी दिसते म्हणून आधी लक्षच गेलं नाही. हात लावला तर डोक्यामागून लाल दुशिंगं काढते आणि उग्र वास येतो. फवारणी कोणती करू ते सांगा, शब्दांचं नंतर बघू.

नंदुरबारचा निरीक्षक:
आप्पा, पिवळ्या-काळ्या लाइम बटरफ्लायची अळीही लहानपणी अशीच दिसते, त्यामुळे तुमच्याकडे दोन्ही असू शकतील. दुशिंगं हे अळीचं बचावाचं अंग आहे, ती चावत नाही. रोपं लहान आहेत तोवर सकाळी फिरून, विष्ठा वाटते ती काडीने हलवून बघा. हलली की वेचून काढा. मोठं झाड एवढी पानं सहज सोसतं.

यावलची शिक्षिका:
कॉमन रोज आणि मॉर्मनची मादी उडताना वेगळ्या ओळखायच्या कशा? मुलं भांडतात.

नंदुरबारचा निरीक्षक:
अंग बघा, पंख नको. दोघींच्या मागच्या पंखावर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी आणि शेपटी. पण कॉमन रोजचं डोकं आणि धड लाल असतं, मॉर्मनचं काळं. कॉमन रोज संथ उडतं, त्याला घाईच नसते. मॉर्मनची मादीही तशीच रेंगाळते, पण दचकली की तिरकी-वाकडी वेगाने सुटते.

रोजला घाई का नाही, तर त्याची अळी किडामारीवर वाढते. आपल्या काळ्या जमिनीत बांधाला पसरते तीच वेल. तिच्यातलं विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उतरतं. एकदा कॉमन रोज तोंडात धरून थुंकलेला पक्षी पुढे तसल्या पंखांच्या वाटेला जात नाही, आणि त्यात मॉर्मनची मादी वाचते. हेन्री बेट्स 1848 ते 1859 ॲमेझॉनच्या जंगलात होता. तिथल्या फुलपाखरांवरून त्याने हे 1862 मध्ये मांडलं.

यात एक अडचण आहे. नकली जास्त झाले तर पक्ष्याच्या चोचीत गोड घासच वारंवार येतो आणि धडा पक्का होत नाही. म्हणून नकलीची भरभराट अस्सलच्या संख्येवर टिकून असते.

जळगावचे निवृत्त मराठीचे प्राध्यापक:
मग इथे 'सोंग' का म्हणू नये? आपल्याकडे देवाची नाहीतर राक्षसाची सोंगं काढतात, आणि बघणाऱ्याला आत कोण ते कळू नये हीच त्यातली खुबी. अहिराणीत 'सोंग लिधं' म्हणतात, त्यात घेणारा एकटाच असतो. 'अनुकृती'त हा जिवंतपणा नाही.

नंदुरबारचा निरीक्षक:
सर, बेट्ससाठी पटलं. म्युलरसाठी नाही. क्रिमसन रोजही विषारी, कॉमन रोजही विषारी, दोघांचंही अंग लाल. सोंग कोणीच घेतलं नाही.

फ्रिट्झ म्युलर जर्मन, राहायचा ब्राझीलमध्ये. 1879 च्या सुमारास त्याने एक हिशेब मांडला. समजा एका भागातले पक्षी चव वाईट आहे हे शिकेपर्यंत 1200 फुलपाखरं मारतात. तिथे एक जात 2000, दुसरी 10,000. दोघी वेगळ्या दिसत असतील तर प्रत्येकीची 1200 जातात. सारख्याच दिसत असतील तर दोघींत मिळून 1200 जातात, संख्येच्या प्रमाणात 200 आणि 1000. म्हणजे लहान जातीची 1000 वाचली, अर्धी संख्या. मोठीची 200, शंभरात दोन. दोघींचा फायदा, पण सारखा नाही.

जळगावचे प्राध्यापक:
ही तर सावड झाली! पक्ष्याला शिकवण्याचा खर्च दोघींनी वाटून घेतला.

पाचोऱ्याचे बागायतदार:
सर, सावड बोलून-चालून होते. आज मी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही माझ्या, हिशेब बरोबरीचा. इथे एकीचं 1000 आणि दुसरीचं 200. आमच्याकडे अशी सावड कोणी करणार नाही.

धुळ्याचा विद्यार्थी:
मग 'समान इशारा' म्हणा. माझं मघाचं वाक्य मागे घेतो. पण एक सांगा, एक खूप विषारी आणि दुसरं थोडंच कडू असेल तर ते बेट्स की म्युलर?

नंदुरबारचा निरीक्षक:
तिथेच रेघ पुसट होते. अमेरिकेतलं व्हाइसरॉय हे मोनार्कची नक्कल करणारं बिनविषारी फुलपाखरू म्हणून वर्षानुवर्षं शिकवलं जायचं. 1991 मध्ये पक्ष्यांना दोन्हींची धडं खायला देऊन पाहिलं, तर व्हाइसरॉयही त्यांना नकोसंच निघालं. मथळा त्यामुळे बदलावा लागला.

यावलची शिक्षिका:
तक्त्यावर पहिल्या खान्यात 'बेट्सचं सोंग' लिहिलं. दुसऱ्यात 'समान इशारा' पेन्सिलीने लिहिलाय, 'सावड'ला मुलांची मतं जास्त आहेत.

आणखी एक. आज कढीपत्त्यावर नर समजून बघत होते, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग, लाल डागाचं फारसं नाव नाही. तर ते फुलपाखरू पोट वाकवून पानाच्या कडेला अंडं घालायला लागलं. ही मादी सोंगाशिवायची कशी?

नंदुरबारचा निरीक्षक:
ताई, काही माद्या तशाच राहतात. कोणतं रूप येणार ते 'डबलसेक्स' नावाच्या एका जनुकावर ठरतं. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 2014 मध्ये दाखवलं. सोंग इतकं फायद्याचं असून सगळ्याच माद्या ते का घेत नाहीत, याला मी वर सांगितलेला नकलींच्या संख्येचा मुद्दा अर्धंच उत्तर देतो. तुमच्या झाडावरची अंडी मोजून ठेवा, कोणत्या मादीने घातली तेही लिहा. त्यातून निघालेल्या माद्या कशा दिसतात ते इथे टाका.