दीक्षित, शास्त्री आणि आडनावाची विद्वत्ता

कट्ट्यावरचा: दीक्षित, शास्त्री ही आडनावं म्हणजे घराण्याच्या विद्वत्तेची सर्टिफिकेटं. आज त्याच घरातल्या पोरांना संस्कृतची एक ओळ धड वाचता येत नाही. मग मिरवता कशाला? बदला की.

जुनापुराणा: दीक्षित कुठून आलं विद्वत्तेत? सोमयागाची दीक्षा घेतली तो दीक्षित. आणि दीक्षा यजमान घेतो, मंत्र म्हणणारे ऋत्विज नाही. अग्निष्टोम या सोमयागाला ऋत्विज सोळा लागतात, पाठांतराचा खरा भार त्यांच्यावर. यजमानाकडे आधीपासून यागासाठी राखलेले श्रौत अग्नी हवेत, बायको हयात हवी, कारण दीक्षेला तीही बसते, आणि सोळा जणांना दक्षिणा द्यायची ऐपत हवी. मग तो मृगाजिनावर बसून, मुठी आवळून, दुधावर राहून, मोजकं बोलून ते दिवस काढणार. हे व्रत आहे, परीक्षा नाही. आता हे आडनाव कसं झालं, तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय की दीक्षिताला, तो वयाने लहान असला तरी, नावाने हाक मारायची नाही. आख्ख्या गावाने नाव टाकून ‘दीक्षित’ म्हणायला लागल्यावर पुढच्या पिढीला ते चिकटणार नाही तर काय होणार.

खडू_डस्टर: मग भट्टोजी दीक्षित कोण होते? सिद्धांतकौमुदीसारखा व्याकरणाचा ग्रंथ काय ऐपतीवर लिहिला? दीक्षित म्हणजे वैयाकरणांचं घराणं, आम्हाला कॉलेजात असंच शिकवलंय.

जुनापुराणा: सर, त्यांचे सख्खे भाऊ रंगोजी भट्ट. पुतण्या कौंडभट्ट, तोही व्याकरणातला मोठा माणूस, पण दीक्षित नाही. व्याकरणामुळे दीक्षित म्हणत असते तर कौंडभट्टाने काय घोडं मारलं होतं?

खडू_डस्टर: आणि भट्टोजींचा मुलगा भानुजी मात्र दीक्षित. म्हणजे बापाचं पोराला लागलंच ना? की त्यानेही याग केला होता? यावर बोला.

एक्सवाला: मी दीक्षित. माझा प्रश्न वेगळाच आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर शेवटी एक्स-आय-टी, पासपोर्टवर के-एस-एच. बँकेतला माणूस म्हणाला दोन वेगळी माणसं आहात, अॅफिडेव्हिट आणा. विद्वत्ता राहू दे, एक स्पेलिंग ठरवून द्या कोणीतरी.

कट्ट्यावरचा: 🙏 धागा कशावर आहे ते वाचा हो.

सुनबाई_नाही: मीच वाचते धागा. बायको दीक्षेला बसलीच पाहिजे, तिच्याशिवाय याग नाही, पण वर नाव कोणाचं राहिलं? आमच्या सासरचं आडनाव शास्त्री. आजेसासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत, सगळं माजघरातून ऐकून. एकदा ओसरीवर नातू ‘देव्याय’ म्हणाला तर आतून कणीक मळता मळता ओरडल्या, “देव्यै रे, देव्यै!” आजेसासरे म्हणाले, तू पोळ्या बघ. चूक बरोबर काढली होती हे कोणी बोललं नाही. पंडिता रमाबाईंचं घ्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून केवढा विरोध झाला. १८७८ला कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंची पारख करून पंडिता म्हटलं. ती पदवी त्यांच्याबरोबरच संपली, लेकीच्या नावापुढे नाही लागली. पुरुषांची मात्र वंशपरंपरेने चालते.

खडू_डस्टर: प्रत्येक विषयात हे आणलंच पाहिजे का?

सुनबाई_नाही: विद्या कोणाची यावर धागा आहे ना? मग हे नाही आणायचं तर काय आणायचं, पासपोर्ट?

एक्सवाला: मला मध्ये ओढू नका.

जुनापुराणा: सुनबाईंचं बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. फक्त शास्त्रीचं इतकं सरळ नाही. आपल्याकडे ते बरेचदा आडनाव नसून नावाला जोडलेलं असायचं. कृष्णशास्त्री चिपळूणकर, आडनाव चिपळूणकरच. ते पाठशाळेत शिकलेले, पण मुलगा विष्णुशास्त्री इंग्रजी कॉलेजचा बी.ए., तरी शास्त्रीच म्हटलं लोकांनी. एका पिढीत अर्थ गेला बघा.

कट्ट्यावरचा: म्हणजे माझंच म्हणणं. बापाच्या नावावर पोराची पुण्याई.

रविवारची_सुट्टी: लालबहादूर शास्त्रींना यात कुठे बसवता? जन्माचं आडनाव श्रीवास्तव, जात दिसते म्हणून टाकलं. १९२५ला काशी विद्यापीठाची शास्त्री पदवी मिळाली, ती नावाला लागली. हे परीक्षा देऊन मिळालेलं.

सुनबाई_नाही: आणि मुलांनी? त्यांनीही शास्त्रीच लावलं, काशीची परीक्षा न देता. जात टाकायला घेतलेलं नाव चाळीस वर्षांत घराण्याचं आडनाव.

रविवारची_सुट्टी: मग काय, मुलांनी परत श्रीवास्तव लावायचं?

कट्ट्यावरचा: बरं, दीक्षित माझ्या यादीतून काढतो, ऐपतीचं नाव आहे म्हणे, अभिनंदन. शास्त्रींवरचं मागे घेत नाही.

खडू_डस्टर: भानुजीचं उत्तर राहिलंय अजून.