मदत हवी आहे: ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘बेसिकली’ काढायचेत, पण बातम्या वाचल्यासारखं वाटायला नको

गच्चीवाला

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये गच्चीवरच्या सोलरचं प्रेझेंटेशन मराठीतून द्यावं लागतं. समोर कमिटी आणि पंधरा-वीस सभासद असतात. अकरा-बारा मिनिटं बोलणं, मग प्रश्न. परवाचं रेकॉर्डिंग ऐकलं तर 11 मिनिटांत ‘अ‍ॅक्च्युअली’ 34 वेळा आणि ‘बेसिकली’ 21 वेळा. त्याऐवजी ‘वस्तुतः’ आणि ‘मूलतः’ घालून बघितलं, तर घरच्यांनी विचारलं, सातच्या बातम्या लागल्यात का.

नमुना, जसाच्या तसा:

“तर अ‍ॅक्च्युअली आपण बेसिकली गच्चीवर दहा किलोवॉटची सिस्टीम लावतोय. अ‍ॅक्च्युअली त्याला बेसिकली हजार स्क्वेअर फूट जागा लागते. आता अ‍ॅक्च्युअली बिल झिरो होत नाही, बेसिकली कॉमन मीटरचं कमी होतं. अ‍ॅक्च्युअली पावसाळ्यात जनरेशन जे आहे ते कमी होतं.”

याच्या जागी काय बोलू?

कोपरीकर

एवढं काय त्यात. अ‍ॅक्च्युअली म्हणजे ‘खरं तर’, बेसिकली म्हणजे ‘मुळात’. दोन्ही रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, कुणाला बातम्या वाटणार नाहीत. जोडीला सरावाच्या वेळी शेजारी कुणालातरी बसवा, चुकलात की दहा रुपये डब्यात. टोस्टमास्टर्समध्ये असे शब्द मोजायला खास एक जण नेमलेला असतो, उगाच नाही.

कर्ताकर्म

कोपरीकर, शब्द बरोबर आहेत, पण जागा बघून वापरायचे आहेत. सरसकट बदललेत तर 34 वेळा ‘खरं तर’ ऐकू येईल, आणि ते जास्त महागात पडेल. “खरं तर वॉरंटी पाच वर्षांची आहे” म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मग मघाशी काय खोटं सांगत होतात? ‘मुळात’चं वेगळंच. हा शब्द आपल्याकडे भांडणाच्या सुरुवातीला येतो. “मुळात ही गच्ची कुणाची?” सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या शब्दाने सेक्रेटरीचे कान टवकारतात.

गच्चीवाला, तुमची चार वाक्यं एकेक करून बघू. चारही ठिकाणी हे शब्द वेगवेगळं काम करताहेत, आणि एका ठिकाणी काहीच करत नाहीत.

पहिलं वाक्य. इथे दोन्ही शब्द रिकामे आहेत. “तर, आपल्याला गच्चीवर दहा किलोवॉटची सिस्टीम लावायची आहे.” ‘तर’ तुमच्याकडे आधीच आहे आणि सुरुवात करायला तेवढा पुरतो.

दुसरं. एका किलोवॉटला शंभर स्क्वेअर फूट हा ढोबळ हिशोब आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. टाकीची सावली, जिन्याची खोली, पॅरापेट, हे बघून आकडा हलतो. ‘बेसिकली’ मागे ती शंका लपली आहे. मग ती उघड बोला: “त्याला साधारण हजार स्क्वेअर फूट जागा लागते.” ‘साधारण’ म्हटल्याने कुणी तुम्हाला कच्चं समजत नाही. उलट उद्या अकराशे लागली तर शब्द मोडल्यासारखं होत नाही.

तिसरं वाक्य सर्वात महत्त्वाचं, कारण इथे ‘अ‍ॅक्च्युअली’ला खरंच काम आहे. लोक ‘बिल शून्य’ ऐकून आलेले असतात आणि तुम्हाला ते खोडायचं आहे. मराठीत हे खोडण्याचं काम वाक्याच्या तोंडाशी शब्द लावून होत नाही, वाक्याच्या पोटात होतं. “बिल काही शून्य होत नाही. कॉमन मीटरचंच कमी होतं, आणि स्थिर आकार तर भरावाच लागतो.” यातले ‘काही’, ‘च’ आणि ‘तर’ काढून वाचा. वाक्य उभं राहतं, पण कुणाचा तरी गैरसमज दूर करतोय असं वाटत नाही. आपण घरी असंच बोलतो: “तो काही येत नाही आज.” तिथे ‘अ‍ॅक्च्युअली’ची आठवणही होत नाही.

चौथं. “पावसाळ्यात मात्र जनरेशन कमी होतं.” ‘मात्र’ पावसाळ्याच्या मागे ठेवा. “मात्र पावसाळ्यात…” असं सुरू केलंत की पुन्हा सातच्या बातम्या. एकच शब्द, जागा बदलली की सूर बदलतो. आणि ‘जनरेशन जे आहे ते’ यातलं ‘जे आहे ते’ही काढा. ते मराठी आहे म्हणून सुटतं, पण काम तेच करतं: पुढचा शब्द आठवेपर्यंत वेळ काढणं.

आता चारही सलग मोठ्याने म्हणा. शेवटचा शब्द नीट ऐकू आला पाहिजे. आपली क्रियापदं शेवटी येतात. ‘आहे’, ‘लागते’, ‘होत नाही’ तोंडातल्या तोंडात गिळलं की वाक्य संपल्याचं समोरच्याला कळत नाही, तुम्हालाही कळत नाही, आणि ती पोकळी ‘अ‍ॅक्च्युअली’ भरतो.

शुद्धमती

मुळात ‘सिस्टीम’, ‘जनरेशन’, ‘कॉमन मीटर’ हे तरी कशाला? संच, निर्मिती, सामाईक मीटर म्हणा. मराठी बोलायचं तर पूर्ण बोला.

कर्ताकर्म

शुद्धमती, प्रश्न इंग्रजी शब्दांचा नाही, रिकाम्या शब्दांचा आहे. ‘कॉमन मीटर’ काढलं तर सभासदाला वस्तू कळणार नाही. ‘बेसिकली’ काढलं तर काहीच बिघडत नाही. (आणि तुमचं ‘मुळात’ बघा, वाद घालायलाच आलंय!)

महापे_साउंड

शब्द कोणता यापेक्षा तो कुठे पडतो ते आधी बघा. रेकॉर्डिंगची फक्त तीन मिनिटं घ्या आणि हाताने उतरवा. फोनच्या व्हॉइस टायपिंगवर विसंबू नका, ते अडखळणं बऱ्याचदा आपणहून साफ करतं, मग मोजणी चुकते. प्रत्येक ‘अ‍ॅक्च्युअली’समोर एक खूण करा: स्लाइड बदलताना, वाक्य संपल्यावर, की वाक्याच्या मधेच.

स्लाइड बदलतानाचे जास्त निघाले तर दोष क्रमाचा आहे. बटण आधी दाबलं जातं, पडद्यावर नवा तक्ता येतो, तो तुम्हीही लोकांबरोबर वाचता, आणि तेवढा वेळ तोंड चालू ठेवायला ‘तर अ‍ॅक्च्युअली’ येतं. उलटं करा. पुढच्या स्लाइडचं पहिलं वाक्य जुन्याच स्लाइडवर बोला, “आता जागेचं बघू,” मग बटण दाबा. प्रत्येक स्लाइडचं एवढं एकच वाक्य पाठ करायचं. बाकीचं पाठ केलंत तर ताठरपणा येतो तो तिथूनच.

वाक्य संपल्यावरचे जास्त असतील तर क्रियापद झालं की ओठ मिटा आणि नाकाने श्वास घ्या. श्वासासाठी तोंड उघडं राहिलं की त्यातून ‘अ’ निसटतो, आणि ‘अ’ला लागून ‘अ‍ॅक्च्युअली’. एवढा थांबा बोलणाऱ्याला फार मोठा वाटतो. रेकॉर्डिंगवर ऐकलात तर सापडतसुद्धा नाही.

वाक्याच्या मधले सर्वात चिवट. तिथे बहुतेक वेळा आकडा किंवा नाव आठवत नसतं. ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवणं, एवढाच उपाय.

आणि एका वेळी एकच खूण सुधारा. दहा रुपयांच्या डब्याने माणूस सगळ्याच शब्दांना घाबरायला लागतो आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ऐवजी ‘अंऽऽ’ सुरू होतं. मोजणी उपयोगी आहे, पण नंतर, रेकॉर्डिंगवर. बोलताना नको.

नेरुळ_पूर्व

मलाही हाच त्रास आहे, पण इंग्रजीत. पुढच्या आठवड्यात ऐरोलीला इंटरव्ह्यू आहे आणि प्रत्येक उत्तर ‘सो बेसिकली’ने सुरू होतं. हे ‘च’ आणि ‘मात्र’ तिथे कसं चालवायचं?

कर्ताकर्म

नाही चालणार, ते मराठीचं सामान आहे. इंग्रजीसाठी महापे_साउंडचा ओठ मिटण्याचा उपाय घ्या, आणि नेहमीच्या प्रश्नांच्या उत्तरातला पहिला शब्द ठरवून ठेवा. ‘टेल मी अबाउट युवर प्रोजेक्ट’ विचारलं की प्रोजेक्टच्या नावानेच तोंड उघडायचं. बाकी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

कोपरीकर

माझं अजून एक म्हणणं आहे. ठाण्यात ‘अ‍ॅक्च्युअली’ आता मराठीच आहे. समोरचे पंधरा जणही तेच बोलतात. त्यांना 34 ऐकू आले असतील असं मला वाटत नाही. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यालाच ते टोचतात.

महापे_साउंड

गप्पांमध्ये पटतं. पण प्रेझेंटेशनमध्ये एकच माणूस सलग अकरा मिनिटं बोलतो, तिथे ठेका कानात बसतो. पाच-सहा राहिले तर मीही सोडून देईन. किती म्हणजे जास्त, यावर आपलं जमणार नाही.

गच्चीवाला

आज वर्तकनगरच्या एका सोसायटीत करून आलो. ‘अ‍ॅक्च्युअली’ 9, ‘बेसिकली’ 4. स्लाइड बदलतानाचे जवळजवळ गेले. ‘बिल काही शून्य होत नाही’वर दोघांनी मान डोलावली, आधी तिथे वाद व्हायचा. पण प्रश्नोत्तरांत घोटाळा. आता ‘म्हणजे’ सुरू झालंय, सहा मिनिटांत 17 वेळा. “म्हणजे काय आहे ना, म्हणजे…”

कर्ताकर्म

होतंच असं, एक बंद केलं की दुसरं उगवतं. ‘म्हणजे’ सगळे वाईट नाहीत. “दिवसाला साधारण चाळीस युनिट, म्हणजे महिन्याला बाराशे,” हा कामाचा आहे, तो ठेवा. मागे काहीच बोललेलं नसताना आलेला ‘म्हणजे’ रिकामा.

उत्तर देताना प्रश्नातलाच शब्द उचला. त्यांनी विचारलं, “इन्व्हर्टर बिघडला तर?” तुम्ही: “इन्व्हर्टर बिघडला, तर सोलरची वीज बंद होते, सोसायटीची नाही.” प्रश्नाचे दोन शब्द म्हणेपर्यंत डोकं उत्तर जुळवतं, ऐकणाऱ्यालाही ते सरळ उत्तर वाटतं, आणि मागच्या रांगेला प्रश्नही कळतो.

शुद्धमती

हे मात्र पटलं. पण चेअरमनने आवाज चढवून विचारलं, “कमिशन किती घेता?” तर? “कमिशन किती घेतो…” असं म्हणत उभं राहिलं तर टाळाटाळच वाटेल की.

महापे_साउंड

तिथे आकडाच पहिला शब्द. आकडा सांगायचा नसेल तर ‘अ‍ॅक्च्युअली’ येणारच, आणि ती अडचण भाषेची नाही.

गच्चीवाला

शनिवारी नेमके तेच चेअरमन आहेत. आकडा लिहून नेतो. सोमवारी मोजणी टाकेन.